रक्त गावातच मोजायचं तर

पावसाळ्यात आडगावातल्या कुठल्याही दवाखान्यात तासभर बसलं की एक प्रश्न हमखास कानावर येतो : "डॉक्टर, पेशी किती आल्या?" ताप तीन दिवसांचा झालेला असतो, अंग मोडून आलेलं असतं आणि घरच्यांनी डेंगूची धास्ती घेतलेली असते. डॉक्टर रक्त काढायला सांगतात, पण ते मोजणारं यंत्र तिथे नसतं. जांभळ्या टोपणाची छोटी नळी दुपारच्या गाडीनं चाळीस-पन्नास किलोमीटरवरच्या मोठ्या रुग्णालयात जाते आणि आकडे दुसऱ्या दिवशी सकाळी येतात. तोवर रुग्ण घरी गेलेला असतो, नाहीतर जीप करून थेट शहराकडे निघालेला असतो.

मग कधीतरी दवाखान्यातला डॉक्टर वैतागून व्यवस्थापनाला पत्र लिहितो. त्यात सोनोग्राफी, एक्स-रे, ईसीजी, रक्तपेशी मोजण्याचं यंत्र आणि जमलं तर साखर-किडनी-लिव्हरच्या तपासण्यांचं यंत्र अशी यादी असते. 'ग्रामीण रुग्णांची मोठी गैरसोय होत असल्याने तातडीने मंजुरी द्यावी' अशी विनंती असते आणि सोबत एका विक्रेत्याचं कोटेशन जोडलेलं असतं. उत्तर येतं : 'निधी उपलब्ध झाल्यावर विचार करू.' डॉक्टरला वाटतं, वर बसलेल्यांना गावाची पर्वा नाही. वर बसलेल्यांनी मात्र पूर्वी अशाच पत्रावरून घेतलेलं एखादं यंत्र प्लास्टिकच्या आवरणाखाली पडलेलं पाहिलेलं असतं. माझ्या मते दोघांचंही बरोबर असतं. चूक असते ती पत्रात. यंत्र किती रुपयांना येतं हे त्यात लिहिलेलं असतं, पण ते चालवायला काय लागतं याचा त्यात एक शब्दही नसतो.

हे नीट समजावं म्हणून एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून पाहू. एका विश्वस्त संस्थेचं तालुक्याच्या ठिकाणी शंभर खाटांचं रुग्णालय आहे आणि तिथून ४८ किलोमीटरवर डोंगराकडेला त्यांचा एक छोटा दवाखाना आहे, असं समजा. एक डॉक्टर, दोन परिचारिका, डीएमएलटी झालेला एक टेक्निशियन आणि रोज साठेक रुग्ण. दवाखाना कल्पनेतला आहे, त्याची नोंदवहीही कल्पनेतलीच. रकमा हिशेबासाठी धरलेल्या आहेत, पण अशा यंत्रांच्या बाजाराला धरून आहेत.

पहिला निर्णय यादी फाडून टाकण्याचा. एक्स-रे यंत्राला अणुऊर्जा नियामक परिषदेचा परवाना लागतो, सोनोग्राफीला गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली नोंदणी आणि पात्र डॉक्टर लागतो. ती पात्रता इथे कुणाकडे नाही, म्हणजे ते यंत्र आलं तरी आठवड्यातून एखाद्या दिवशी चालणार. ईसीजी यंत्र स्वस्त आहे, ते वेगळं मागता येईल. उरतात रक्ताची यंत्रं, आणि त्यांतलं कुठलं आधी घ्यायचं हे एकाच कसोटीवर ठरवावं : कोणत्या तपासणीचं उत्तर तासाभरात मिळालं तर डॉक्टरचा निर्णय बदलतो? थायरॉईडचा अहवाल उद्या आला तरी फारसं बिघडत नाही. तापाच्या रुग्णाचा सीबीसी उद्या आला तर बिघडतं.

सीबीसी म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट आणि हिमोग्लोबिन यांची मोजणी. लोक 'पेशी' म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे प्लेटलेट असतात. डेंगूत डॉक्टरला मात्र त्याच कागदावरचा आणखी एक आकडा हवा असतो, हिमॅटोक्रिट. रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती टक्के आहे हे तो सांगतो. डेंगूत ताप उतरू लागतो त्या सुमाराला काही रुग्णांच्या रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपू लागतो आणि रक्त घट्ट होतं. हिमॅटोक्रिट चढतंय आणि प्लेटलेट झपाट्यानं उतरताहेत, ही जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शिकेत दिलेल्या धोक्याच्या खुणांपैकी एक आहे. ती एका आकड्यावरून कळत नाही, सकाळचा आणि संध्याकाळचा आकडा शेजारी ठेवावा लागतो. उद्या येणाऱ्या अहवालावर हे जमणारच नाही. शिवाय नळी बराच वेळ उष्म्यात राहिली तर आतल्या तांबड्या पेशी फुगतात आणि हिमॅटोक्रिट खऱ्यापेक्षा जास्त दिसू लागतं. म्हणजे जो आकडा सर्वांत महत्त्वाचा, नेमका तोच प्रवासात बिघडतो. प्रस्तावात वैद्यकीय गरजेसाठी एवढा एक परिच्छेद पुरे. 'रुग्णांची गैरसोय' या शब्दांपेक्षा तो कितीतरी जास्त काम करतो.

तरी तेवढ्यानं पैसे सुटत नाहीत. व्यवस्थापन विचारतं, असं किती जणांचं होतं? याचं उत्तर नोंदवहीत असतं, पण नेहमीच्या रकान्यांत सापडत नाही. म्हणून प्रस्ताव लिहिण्याआधी एक पावसाळा तीन जादा रकाने आखून ठेवावेत : अहवाल कधी आला, रुग्ण तो घ्यायला परत आला का, आणि त्याला केवळ मोजणीसाठी दुसरीकडे पाठवावं लागलं का. आपल्या उदाहरणात जुलै ते सप्टेंबरच्या ७५ कामाच्या दिवसांत १,६५० नमुने गेले. त्यांतले ३१० रुग्ण अहवालासाठी फिरकलेच नाहीत. ७४ जणांना फक्त पेशी मोजायला शहरात पाठवलं आणि त्यांतले ५१ जण दाखल न होता त्याच दिवशी घरी परतले. त्या ५१ घरांचं जीपचं भाडं आणि बुडालेली मजुरी संस्थेच्या ताळेबंदात कुठेच दिसत नाही, म्हणून ती प्रस्तावात आणावी लागते.

आता यंत्राकडे. छोट्या दवाखान्याला लागणारं यंत्र पांढऱ्या पेशींचे तीन गट करतं, म्हणून त्याला 'थ्री-पार्ट' म्हणतात. त्यातली बहुतेक यंत्रं अमेरिकेतल्या वॉलेस कुल्टर यांना १९५३ साली पेटंट मिळालेल्या युक्तीवर चालतात. रक्त खारट द्रवात पातळ करून एका अतिसूक्ष्म छिद्रातून ओढायचं आणि छिद्राच्या दोन्ही बाजूंना विद्युतप्रवाह ठेवायचा. प्रत्येक पेशी जाताना त्या प्रवाहाला क्षणभर अडवते. किती वेळा अडवलं यावरून पेशींची संख्या कळते आणि किती अडवलं यावरून त्यांचा आकार. पाच गट करणारं 'फाइव्ह-पार्ट' यंत्र याच्या दुप्पट-तिप्पट किमतीला येतं. विक्रेता तेच गळ्यात मारू पाहील. पण इथल्या डॉक्टरचा निर्णय त्या जादा दोन गटांनी क्वचितच बदलणार आहे.

याच युक्तीमुळे वीज हा अशा प्रस्तावातला नाजूक मुद्दा ठरतो. प्लेटलेट ही सर्वांत लहान पेशी, तिच्यामुळे होणारा अडथळाही सर्वांत बारीक. अर्थिंग कच्चं असेल, शेजारी मोटार सुरू-बंद होत असेल, तर तारेतून येणारी खरखर यंत्राला प्लेटलेटसारखीच भासते. यंत्र बंद पडत नाही, हीच खरी अडचण. ते ठामपणे चुकीचा आकडा छापतं. हे ओळखायचा मार्ग सोपा आहे. रोज सकाळी यंत्र रक्ताशिवाय, नुसत्या द्रवावर चालवून बघायचं. उत्तर शून्याजवळ आलं पाहिजे. प्लेटलेटसाठी साधारण दहा हजारांपर्यंतचा आकडा चालतो. त्याच्या वर गेला तर आधी कारण शोधायचं, रुग्णाचं रक्त नंतर. जोडणीला येणारे अभियंते न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला दाब मोजतात आणि तो तीन व्होल्टच्या आत असावा असा आग्रह धरतात. तो नसेल तर पुढच्या प्रत्येक बिघाडाचं खापर दवाखान्याच्या विजेवर फुटतं. म्हणून ऑनलाईन यूपीएस आणि नवं अर्थिंग हे 'इतर खर्चा'त न ढकलता यंत्राच्या किमतीला जोडूनच मागावं.

एकदाच लागणारा खर्च मग असा होतो. यंत्र २,२०,०००, बॅटरीसह यूपीएस २५,०००, अर्थिंग आणि वायरिंग १५,०००, छोटा फ्रीज १५,०००, टेबल आणि प्रिंटर १०,०००. एकूण २,८५,००० रुपये. फ्रीज पाहून कुणीतरी भुवई उंचावतंच, कारण दवाखान्यात लशींचा फ्रीज आहेच. पण लशींच्या फ्रीजमध्ये दुसरं काही ठेवायचं नसतं, आणि यंत्राची रोजची परीक्षा घेण्यासाठी लागणारं कंट्रोलचं रक्त दोन ते आठ अंशांतच टिकतं.

खरी मेख पुढे आहे. विक्रेता सांगतो, "एका तपासणीला १४ रुपयांचं रिएजंट लागतं, साहेब." ते खोटं नसतं. पण यंत्र सकाळी सुरू करताना आणि संध्याकाळी बंद करताना स्वतःला धुतं, आणि तेव्हाही तेच द्रव वापरतं. आपण दिवसाला त्याचे १०० रुपये धरू. पावसाळ्यात रोज २२ नमुने येतात, तेव्हा हे शंभर रुपये २२ जणांत वाटले जातात आणि एका तपासणीचं रिएजंट साडेअठरा रुपयांना पडतं. बाकीचे आठ महिने रोज आठच नमुने येतात, तेव्हा तेच साडेसव्वीसला जातं. मोठ्या रुग्णालयात रोज दोनशे नमुने होत असतील, तर तिथे हा धुण्याचा खर्च जाणवतसुद्धा नाही. म्हणून मोठ्या रुग्णालयाचा दर छोट्या दवाखान्याच्या प्रस्तावात उचलून टाकला की हिशेब तिथेच चुकतो.

वर्षाचा ताळा असा. पावसाळ्याचे चार महिने, महिन्याला २५ दिवस, रोज २२ म्हणजे २,२०० नमुने. उरलेल्या आठ महिन्यांत रोज ८ म्हणजे १,६००. एकूण ३,८००. त्यांचं रिएजंट ५३,२०० आणि रोजच्या धुण्याचे ३०,०००. कंट्रोलचं रक्त महिन्याला २,००० प्रमाणे २४,०००. उघडलेली कुपी बहुधा दोनेक आठवड्यांतच बाद होते, मग नमुने आठ असोत वा ऐंशी. वॉरंटी संपल्यावर सुट्या भागांसकट देखभालीचा करार किमतीच्या आठ टक्के धरला तर १७,६००. बाहेरच्या प्रयोगशाळेशी आकडे ताडून पाहण्याच्या योजनेची वर्गणी ५,००० आणि यूपीएसच्या बॅटरीसाठी बाजूला ठेवायचे ५,०००. बेरीज १,३४,८०० रुपये, म्हणजे एका तपासणीला साडेपस्तीस. यंत्र आणि त्याचा सरंजाम सात वर्षं चालेल असं धरून ती रक्कमही वाटली, तर आकडा ४६ वर जातो. सांगितले होते १४.

इथे विक्रेत्याचा दुसरा प्रस्ताव येतो आणि तो ऐकायला फार गोड असतो. यंत्र फुकट, देखभाल आमची, तुम्ही फक्त आमचं रिएजंट घ्या, तपासणीला ४५ रुपये, महिन्याला किमान ४०० तपासण्यांची हमी द्या. पावसाळ्यात महिन्याला ५५० नमुने होतात, तेव्हा ठीक. पण बाकीच्या आठ महिन्यांत होतात दोनशे आणि पैसे द्यायचे चारशेचे. वर्षाला २,४३,००० रुपये, म्हणजे प्रत्यक्ष झालेल्या तपासणीमागे ६४. यूपीएस आणि अर्थिंग तरीही आपलंच. वर्षभर एकसारखे रुग्ण असलेल्या शहरी प्रयोगशाळेला असा करार फायद्याचा ठरू शकतो. ज्या दवाखान्याचे रुग्ण पावसावर अवलंबून आहेत, त्यानं त्या वाटेला जाऊ नये. विकत घेतानाही एक विचारून घ्यावं : या यंत्राला दुसऱ्या कंपनीचं रिएजंट चालतं का? काही यंत्रं स्वतःच्या चिप लावलेल्या बाटलीशिवाय चालतच नाहीत. मग भाव कोण ठरवणार ते उघड आहे.

आता उत्पन्न. बहुतेक प्रस्ताव इथे हात मारून घेतात. रुग्णाकडून सरासरी ८० रुपये मिळतात, ३,८०० तपासण्यांचे ३,०४,००० रुपये, म्हणजे यंत्र दोन वर्षांत फिटलं! संस्थेचा लेखापाल हे वाचून हसतो, कारण तेच ८० रुपये आजही जमा होतात, फक्त तपासणी मोठ्या रुग्णालयात होते. नवं उत्पन्न जवळपास काहीच नाही. वाचतं ते तिथलं रिएजंट, तपासणीला १८ रुपये धरले तर वर्षाला ६८,४००. नमुन्यांची गाडीही बंद होणार नाही, कारण बाकीच्या तपासण्यांचं रक्त तिलाच न्यायचं आहे. म्हणजे १,३४,८०० मधून ६८,४०० वजा जाता संस्थेला दरवर्षी ६६,४०० रुपये पदरचे घालावे लागतील, तपासणीमागे साडेसतरा. प्रस्तावात हे वाक्य असंच, लपवाछपवी न करता लिहावं : हे यंत्र पैसे मिळवून देणार नाही, एकदा २,८५,००० आणि देखभालीचा करार सुरू झाल्यावर दरवर्षी सुमारे ६६,००० घेईल, आणि त्याच्या बदल्यात तापाच्या रुग्णाचा निर्णय त्याच तासात होईल. खोटा नफा दाखवणारा कागद पहिल्याच बैठकीत उघडा पडतो, आणि मग वैद्यकीय परिच्छेदावरचाही विश्वास उडतो. मागणी खर्चाची आहे असं स्पष्ट असलं, तर विश्वस्त तो कुठून आणायचा याचा विचार करू लागतात. देणगीदार किंवा कंपनीचा सीएसआर निधी यंत्रासाठी बहुधा मिळतो. दरवर्षीच्या रिएजंटसाठी मिळवणं अवघड जातं, आणि तो भाग संस्थेनं आपल्या अंदाजपत्रकात धरला आहे असं दाखवल्यावर देणगीदारही निर्धास्त होतो.

बैठकीत दोन प्रश्न नक्की येतात. पहिला : सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात 'महालॅब'तर्फे तपासण्या फुकट होतात, मग आपण कशाला? प्रश्न रास्त आहे. तिथेही नमुना गोळा होऊन दुसरीकडच्या प्रयोगशाळेत जातो. ज्यांना उद्याचा अहवाल चालतो, अशा रुग्णांना तिकडेच पाठवावं, त्यांच्यासाठी यंत्र मागूच नये. नेहमीच्या तपासणीला आलेली, हिमोग्लोबिन पाहायची असलेली गर्भवती महिला त्यांतलीच, अर्थात धाप लागत नसेल आणि डोळे पांढरेफटक दिसत नसतील तर. हे कबूल केल्यानं अंदाजातले नमुने थोडे कमी होतील, पण ते अधिक खरे असतील.

दुसरा प्रश्न : सही कुणाची? पॅथॉलॉजीच्या अहवालावर त्या विषयातली पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरची सही हवी, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केलं. दवाखान्यात असा डॉक्टर नाही, पण मोठ्या रुग्णालयात आहे. म्हणून आकडे त्यांच्याकडे संगणकावरून जातील, ते पाहून अहवाल देतील, आणि शंका असलेल्या रक्ताची काचपट्टी त्यांच्याकडे पाठवली जाईल, अशी व्यवस्था त्यांच्या लेखी संमतीसह जोडावी. ती संमती नसेल तर बाकीचा सगळा प्रस्ताव लटकतो.

काचपट्टीचा मुद्दा तिथेच थोडा वाढवावासा वाटतो, कारण यंत्र आलं की दवाखान्यातला मायक्रोस्कोप कोपऱ्यात जातो. काही जणांच्या रक्तात नळीतल्या ईडीटीए या रसायनामुळेच प्लेटलेट एकमेकींना चिकटतात. यंत्राला तो गठ्ठा प्लेटलेट वाटत नाही. ते ४०,००० छापतं आणि घरचे लोक रडकुंडीला येतात. काचपट्टीवर त्याच रक्ताचे गठ्ठे डोळ्यांना दिसतात आणि रुग्ण ठणठणीत असतो. म्हणून प्लेटलेट एक लाखाच्या खाली आल्या की काचपट्टी पाहिल्याशिवाय आकडा सांगायचा नाही, हा नियम प्रस्तावातच लिहून टाकावा. त्याला एक पैसाही लागत नाही. लागतो तो टेक्निशियनचा वेळ. आणि तो टेक्निशियन एकटाच आहे, त्याच्याही घरी लग्नकार्यं निघतात. त्याच्या रजेच्या दिवशी सकाळची कोरी चाचणी आणि साधा नमुना चालवू शकेल अशी एक परिचारिका तयार केली नाही, तर वर्षाचे ३०० दिवस प्रत्यक्षात २५० होतात आणि वरचा सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

खरेदीच्या अटींत तीन गोष्टी लिहून घ्याव्यात. बिघाड कळवल्यापासून किती तासांत अभियंता येईल आणि तो कोणत्या शहरातून येईल. वॉरंटीनंतरच्या देखभालीचा दर पुढच्या पाच वर्षांसाठी आजच ठरलेला असावा, कारण यंत्र बसल्यावर घासाघीस करायला आपल्या हातात काही उरत नाही. आणि शेवटचा पंचवीस टक्के हप्ता ताळमेळ झाल्यावरच. म्हणजे वेगवेगळ्या रुग्णांचे किमान वीस नमुने, त्यांत काही कमी प्लेटलेटचे आणि काही कमी हिमोग्लोबिनचे, दवाखान्यात मोजून त्याच दिवशी चार-सहा तासांच्या आत मोठ्या रुग्णालयातल्या यंत्रावर पुन्हा मोजायचे आणि दोन्ही आकडे शेजारी लिहायचे. किती फरक चालेल हे पॅथॉलॉजिस्टनं आधीच ठरवून द्यायचं. तो कागद त्यांच्या सहीनं लेखा विभागात पोहोचला, की मग विक्रेत्याचा चेक काढायचा.